साहेब नुसतं ‘हं’ म्हणाले

शाळेत शब्दांच्या आठ जाती शिकवतात. नाम आणि सर्वनाम यांचा थाट पहिल्या पंगतीचा. विशेषण, क्रियापद यांनाही मान असतो. मग सगळ्यात शेवटी, तास संपायला दोन मिनिटं उरली की केवलप्रयोगी अव्ययाची पाळी येते. हर्षदर्शक ‘वा’, शोकदर्शक ‘अरेरे’, विरोधदर्शक ‘छे’, तिरस्कारदर्शक ‘शी’ असं एक कोष्टक बाई घाईघाईनं लिहून देतात. कोष्टकाच्या तळाशी ‘व्यर्थ उद्गारवाची’ आणि ‘पादपूरणार्थक’ अशा दोन पोटजाती असतात. ज्या शब्दांना काही अर्थ नाही, पण लोक बोलायचे थांबत नाहीत, त्यांची सोय व्याकरणकारांनी तिथे लावलेली आहे. या अव्ययांचा वाक्याशी काही संबंध नसतो, असं पुस्तकात छापलेलं असतं, आणि आपण ते एका मार्कासाठी पाठ करतो.

माझं पोट मात्र याच जातीवर आहे. मी चाकणच्या पट्ट्यात जपानी दुभाष्याचं काम करते. सकाळी निगडीला भक्ती-शक्ती चौकात कंपनीची बस पकडायची, तळवड्याच्या गर्दीत अर्धी झोप काढायची आणि म्हाळुंग्याच्या पुढे उतरून दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं बोलायचं. या पट्ट्यात परदेशी भाषा नवीन नाही. आकुर्डीच्या बजाजनं १९८०च्या दशकातच कावासाकीशी हातमिळवणी केली होती. मर्सिडीज १९९५ साली पिंपरीत आली आणि २००९ साली चाकणला गेली. त्याच वर्षी फोक्सवॅगनच्या चाकणच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. मोठ्या गाड्यांच्या मागोमाग त्यांचे सुटे भाग करणारे आले, त्यांचे तपासनीस आले आणि तपासनिसांच्या मागोमाग आम्ही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये नाहीतर टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिकायचं, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होणारी जपानीची परीक्षा पायरी-पायरीनं पास व्हायची, आणि मग कळतं, की आपण हजारो शब्द पाठ केले. पण समोरचा साहेब दिवसातला निम्मा वेळ शब्द वापरतच नाही.

आमच्या कामाची रीत साधी आहे. साहेब दोन-तीन वाक्यं बोलून थांबतात, मी ती मराठीत सांगते. उत्तर आलं की ते जपानीत सांगते. साहेब ‘मी’ म्हणाले तर मीही ‘मी’च म्हणायचं, ‘साहेब असं म्हणतायत की’ अशी शेपटं लावायची नाहीत. आणि अंऽऽ, म्हणजे, काय आहे ना, हूं हे सगळं गाळून टाकायचं. कोर्टातल्या दुभाष्याला ही मुभा नसते, कारण साक्षीदार कुठे अडखळला हासुद्धा पुरावा असतो. कारखान्यात मात्र सगळ्यांना घाई असते. वाक्य स्वच्छ, कोरडं आणि लवकर हवं असतं. त्यामुळे नव्या दुभाष्याला पहिल्याच दिवशी सांगतात, आवाज सोडून दे, अर्थ धर.

आता मुळात अर्थच आवाजात असला तर काय करायचं, हे कोणी सांगत नाही.

सुरुवात ‘हाय’पासून करावी लागते. जपानी ‘हाय’चा शब्दकोशातला अर्थ ‘हो’. परीक्षेतही ‘हो’ लिहिलं की मार्क मिळतात. पण समोरचा बोलत असताना जपानी माणूस जे ‘हाय, हाय’ करत असतो, ते ‘हो’ नसतं. त्याचा अर्थ ‘ऐकतोय, चालू द्या’. याला त्यांच्याकडे ‘आयझुची’ म्हणतात. शब्द लोहारकामातला आहे. उस्ताद ऐरणीवर एक घाव घालतो, की समोरचा शिकाऊ गडी लगेच दुसरा घालतो. त्या समोरच्या हातोड्याचं नाव आयझुची. आपल्याकडे रस्त्याकडेला घिसाड्याचं पाल पडलेलं असतं, तिथे घिसाडी सांडशीत लोखंड धरून हातोडीनं जागा दाखवतो आणि त्याची बायको घण घालते, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं समजावून सांगायला नको. समोरचा घाव पडला नाही तर पहिल्याचा हात अडतो. जपानी संभाषणात तसंच होतं. तुम्ही मान खाली घालून शिस्तीत, एक अक्षर न काढता ऐकलंत, तर बोलणारा जपानी माणूस मध्येच थांबतो आणि फोन कट झाल्यासारखा तुमच्याकडे बघतो.

खरं तर मराठी माणसाला हे कळायला अजिबात जड नाही. आजी गोष्ट सांगायची तेव्हा तिची अट काय असायची? हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली, कारण ऐकणारा झोपला. पोवाड्यात तर आपण या कामासाठी माणसं उभी केली आहेत. शाहीर पुढे गातो आणि मागचे झिलकरी ‘जी जी’ करतात. ते ‘जी’ ऐकून झिलकऱ्यांना अफझलखानाच्या वधाची योजना मान्य आहे, असा ठराव कोणी लिहून घेत नाही. मीटिंगच्या खोलीत मात्र नेमकं तेच होतं.

आणि ‘हाय’चं चाकणमधलं नशीब आणखीनच विचित्र आहे. एक तर या पट्ट्यात ‘हाय हाय’ ही गेटवर द्यायची घोषणा आहे. जपानी साहेबांनी लाइनवर उभं राहून सुपरवायझरचं ऐकताना मनापासून ‘हाय हाय’ केलं, की जुन्या कामगारांचे चेहरे उजळतात. त्यांना वाटतं, साहेबसुद्धा मॅनेजमेंटच्या विरोधात आहे. (गंमत म्हणजे जपानमध्येही दोनदा ‘हाय हाय’ म्हटलं तर उद्धट समजतात. ‘हो म्हणायचं ते एकदाच म्हण,’ असं तिथल्या आया मुलांना दटावतात. पण बोलण्याच्या भरात थोरामोठ्यांचंही भान सुटतं.) दुसरं म्हणजे लाइनवरची निम्मी मंडळी लातूर, धाराशिव, सोलापूरकडची. त्यांच्याकडे ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात. मी पाणी प्यायला गेले असताना झालेला हा संवाद परत आल्यावर माझ्या कानावर पडला:

‘सायेब, पंच हितंच हाय.’

‘हाय.’

‘हाय की!’

‘हाय, हाय.’

दोघंही अतिशय समाधानी होते. माझ्या नोकरीला इतका मोठा धोका त्यानंतर कधी निर्माण झाला नाही.

आता हा पंच कसला, ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी हकीकत त्याच्याभोवतीच फिरते. एका कारखान्यात पत्र्याचा ब्रॅकेट प्रेसवर कापत होते. पत्रा कापला की कडेला बारीक धार उरते, तिला कारखान्यात ‘बर’ म्हणतात. ड्रॉइंगप्रमाणे बर ०.१ मिलिमीटरच्या आत हवी होती. एका लॉटमध्ये ती ०.१५ निघाली. बर वाढण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पंचची धार बोथट होणं, किंवा पंच आणि डायमधली फट वाढणं. ठरावीक नग झाले की पंच काढून ग्राइंड करायचा आणि रजिस्टरमध्ये तारीख टाकायची, असा नियम असतो. गिऱ्हाइकाकडून जपानी साहेब आले होते. कारखान्याचं म्हणणं, एवढा एक लॉट डेव्हिएशनवर घ्या, पुढचा माल नीट देतो.

मीटिंगमध्ये कारखान्याच्या क्वालिटीच्या साहेबांनी ही विनंती सांगायला सुरुवात केली. मी जपानीत सांगत गेले आणि पाहुणे दर अर्ध्या वाक्याला ‘हाय’ म्हणत गेले. बर ०.१५ आहे, हाय. हा भाग आतल्या बाजूला बसतो, हाय. हाताला लागत नाही, हाय. म्हणून एवढा लॉट घ्यावा, हाय. क्वालिटीचे साहेब खुशीत आले. प्रत्येक मुद्द्याला होकार! त्यांनी माझ्या बोलण्याची वाट न पाहता वहीत ‘अग्रीड’ लिहिलंसुद्धा. मी घाईनं म्हटलं, ‘ते हं म्हणाले, हो नाही म्हणाले.’ साहेबांनी माझ्याकडे, शब्दांत भेदभाव करणाऱ्या बाईकडे बघावं तसं बघितलं.

इथे मराठीचे उपकार मानावेत तेवढे थोडे. आपल्याकडे ‘हो’ आणि ‘हं’ अशी दोन वेगळी नाणी आहेत. ‘हो’ म्हणजे मान्य. ‘हं’ म्हणजे कान इकडे आहे, मन कुठे आहे ते नंतर सांगतो. सासूबाईंच्या सूचनांना सून जे ‘हं’ म्हणते, ते हेच. तेव्हा ऐकताना येणाऱ्या जपानी ‘हाय’चं मराठी मी बेधडक ‘हं’ करते, आणि बहुतेक वेळा काहीच करत नाही, कारण तो आवाज सगळ्यांनी ऐकलेलाच असतो. घोटाळा होतो तो वहीत. मीटिंगची मिनिट्स इंग्रजीत लिहायची असतात आणि तिथे ‘हं’साठी रकाना नाही. एक ‘अग्रीड’ असतं, एक ‘नॉट अग्रीड’.

विनंती संपल्यावर पाहुण्यांनी मान किंचित वाकडी केली, दातांतून हवा आत ओढली, ‘साऽऽ’ असा लांब आवाज काढला आणि मग म्हणाले, ‘केन्तोऽ शिमास.’ शब्दाला शब्द ठेवला तर ‘विचार करतो’. पण मान वाकडी, हवा आत आणि ‘साऽऽ’ एवढं सगळं त्याच्या आधी आलं असेल, तर त्या ‘विचार करतो’चा अर्थ विचार करून झालेला आहे आणि उत्तर नाही आहे, असा असतो. आता दंडकाप्रमाणे मी म्हणजे साहेब. मग मीही दातांतून हवा ओढायची का? लोकांना वाटेल बाईंची दाढ दुखतेय. आणि हवा न ओढता नुसतं ‘विचार करतो’ म्हटलं, तर क्वालिटीच्या साहेबांना ती आशा वाटणार. शेवटी मी अगदी साधं मराठी बोलले. म्हटलं, ‘अंऽऽ… बघू.’

टेबलाभोवतीच्या सगळ्या मराठी माणसांचे चेहरे एकदम उतरले. ‘बघू’चा अर्थ कुणाला सांगावा लागला नाही. लग्नाच्या स्थळाला, उसन्या पैशांना आणि देणगीच्या पावतीपुस्तकाला आपण पिढ्यानपिढ्या हेच म्हणत आलो आहोत. या एका बाबतीत महाराष्ट्र आणि जपान सख्खी भावंडं आहेत. दोघांनाही तोंडावर ‘नाही’ म्हणता येत नाही. अडचण होते ती दोघं समोरासमोर आल्यावर. जपानी साहेब विचारतात, ‘शुक्रवारपर्यंत होईल?’ आमचे लोक म्हणतात, ‘हां… करू की.’ ते त्यांना होकार वाटतो. त्यांचं ‘विचार करतो’ आम्हाला होकार वाटतं. दोन सभ्य नकार हस्तांदोलन करून जेवायला जातात आणि शुक्रवारी भांडण होतं.

त्या दिवशी माझ्या ‘बघू’वर आणखी एक आक्षेप आला. पाहुण्यांनी विचारलं, ‘मी एवढं बोललो, तुम्ही एकच शब्द कसा बोललात?’ उलटही होतं. पाहुणे नुसतं ‘साऽऽ’ म्हणतात, मी सांगते, ‘त्यांना हे अवघड वाटतंय, पण स्पष्ट सांगायचा संकोच होतोय,’ आणि आमचे साहेब संशयानं म्हणतात, ‘मॅडम, ते एवढंसं बोलले, तुम्ही केवढं लांबवलंत!’ दुभाष्याची मजुरी शब्दावर मोजली असती, तर एका ‘साऽऽ’चं बिल कुणीच पास केलं नसतं.

मीटिंगमधून आम्ही लाइनवर गेलो. तिथे खरे प्रश्न असतात, आणि मराठी-जपानी आवाजांची खरी टक्करही तिथेच होते. पाहुण्यांनी ब्रॅकेट हातात घेऊन कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, ‘हेऽऽ.’ जपानीत हा कौतुकमिश्रित आश्चर्याचा आवाज आहे, ‘असं होय!’ म्हणावं तसा. मराठीत ‘हॅऽ’ म्हणजे फेकून द्या. ऑपरेटरचा चेहरा पडला. मी सांगितलं, ‘दादा, चांगलं म्हणतायत.’ ते म्हणाले, ‘ताई, मी ऐकलं की.’ ज्याला भाषा येत नाही, त्याचा स्वतःच्या कानांवर सगळ्यात जास्त विश्वास असतो.

‘अरे’ची गंमत तर विचारू नका. जपानीतही ‘आरे?’ आहे. शेवट किंचित वर उचलून म्हणतात, आणि अर्थ जवळजवळ आपलाच: हे काय, काहीतरी चुकलंय. भाषांतराची गरज नसलेला हा एकमेव जपानी शब्द असावा. पण आपला ‘अरे’ नुसतं आश्चर्य दाखवून थांबत नाही, तो हाकही मारतो. ‘अरे, पाना दे,’ ‘अरे, ट्रॉली सरकव,’ ‘अरे, चहा आला.’ एक पाहुणे पहिल्या दिवशी लाइनवर फिरताना प्रत्येक ‘अरे’ला दचकून वळत होते. संध्याकाळी त्यांनी काळजीच्या सुरात विचारलं, ‘तुमच्याकडे दर मिनिटाला काहीतरी चुकतं का?’ मी म्हटलं नाही, हे नुसतं बोलावणं आहे. त्यांना ते इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लँट हेडना ‘अरे!’ म्हणून हाक मारली.

तेव्हा मला त्यांना आपला सगळा संसार समजावून सांगावा लागला. बरोबरीच्या किंवा धाकट्या पुरुषाला ‘अरे’, बाईला ‘अगं’ आणि मानाच्या कोणालाही ‘अहो’. आपल्या या उद्गारात लिंग आहे, वय आहे, मान आहे; ‘अरे-तुरे’ आणि ‘अहो-जाहो’ ही तर आपण त्यांची क्रियापदंच करून टाकली आहेत. वाक्याशी संबंध नसेल त्यांचा, पण वाक्याच्या क्रियापदाचा ‘ये’ की ‘या’, हे तेच ठरवतात. हिंदीत एका ‘अरे’वर बाप, बायको, बॉस सगळे भागतात. मराठीत तोंड उघडण्याआधी समोरच्याची कुंडली हवी. पाहुण्यांनी हे सगळं वहीत टिपलं आणि एकदम गप्प झाले. मग हळूच विचारलं, ‘मानाच्या माणसाला काय म्हणायचं म्हणालात?’

‘अहो.’

पाहुणे ओसाकाचे होते. जपानीत ‘आहो’ म्हणजे मूर्ख. ओसाकाकडे हा शब्द जरा लाडानं वापरतात, तोक्योत तो जास्त लागतो, पण अर्थ मूर्खच. आले त्या दिवसापासून अख्खा कारखाना त्यांना अदबीनं ‘अहो साहेब’ म्हणत होता. त्यांनी ते दोन्ही दिवस निमूट सोसलं होतं, याला मी खरी जपानी सभ्यता म्हणते. आमच्या एका मॅनेजरांच्या घरून दुपारी फोन येतो आणि पलीकडून ‘अहो’ ऐकू येतं, हेही त्यांनी टिपलेलं होतं. त्यावर ते एवढंच म्हणाले, ‘आमच्याकडेही बायका नवऱ्याला म्हणतात. पण ऑफिसात फोन करून नाही.’

जर्मनवाल्यांचं आमच्यापेक्षा बरं चाललंय, असं मला नेहमी वाटतं. त्यांचा ‘आख झो’ आणि आपला ‘अच्छा’ आवाजानं आणि अर्थानं इतके जवळ आहेत, की दोन्ही बाजूंना आपली भाषा समोरच्याला येते असा भ्रम होतो आणि मीटिंग आनंदात पार पडते. ‘ऑं?’ची तर कोणालाच अडचण नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१३ साली जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या दहा भाषा तपासून दाखवलं, की नीट ऐकू न आल्यावर काढायचा हा छोटा प्रश्नार्थक आवाज सगळीकडे जवळपास सारखाच असतो. त्यांना त्याबद्दल २०१५ साली इग नोबेल हे गमतीचं बक्षीसही मिळालं. त्या दहांत मराठी नव्हती. भोसरीच्या कुठल्याही प्रेस शॉपमध्ये कानात बोळे घालून एक शिफ्ट काढली असती, तर त्यांचा बराच खर्च वाचला असता.

पुन्हा पंचकडे येते. पाहुण्यांनी ऑपरेटरला विचारलं, ‘हा पंच शेवटचा कधी ग्राइंड केला?’

ऑपरेटरनं वर छताकडे बघितलं. म्हणाले, ‘अंऽऽ… ते आपलं हे… मागच्याच आठवड्यात झालंय की.’

आमच्या धंद्याच्या शिस्तीप्रमाणे याचं जपानी दोन शब्दांचं होतं: मागच्या आठवड्यात. स्वच्छ, कोरडं, लवकर. पण त्या वाक्यात खरं बोलणारा भाग कुठला होता? ‘मागच्या आठवड्यात’ हा नव्हे. खरं बोलत होता तो ‘अंऽऽ’ आणि त्याच्यामागून आलेलं ‘ते आपलं हे’. व्याकरणाच्या पुस्तकानं वळचणीला बांधलेलं ते पादपूरणार्थक ‘आपलं’. तारीख पक्की माहीत असलेला माणूस छताकडे बघत नाही. हे आवाज गाळले असते, तर एका संशयाचं मी माझ्या हातानं सर्टिफिकेट केलं असतं. आणि जपानीत ‘अंऽऽ’ काढून दाखवला असता, तर मीच अडखळले असं वाटलं असतं. दुभाष्याचा अडखळा दुभाष्याच्याच खात्यात जमा होतो.

अशा वेळी आवाजाच्या जागी आवाज ठेवायचा नसतो, त्याच कामाचा शब्द शोधायचा असतो. जपानीत ‘ताशिका’ असा एक शब्द आहे. तो वाक्याच्या तोंडाशी लावला, की ‘माझ्या आठवणीप्रमाणे, पण पैजेवर नाही’ अशी छटा येते. मी म्हटलं, ‘ताशिका, मागच्या आठवड्यात.’ ऑपरेटरवर आरोप नाही, त्याच्या पदरचं काही काढून घेतलेलं नाही, आणि त्याचा ‘अंऽऽ’ जसाच्या तसा पोचता केला.

पाहुण्यांनी तो बरोबर उचलला. ‘ताशिका?’ म्हणाले. मग जरा थांबून, ‘एऽतो…’ म्हणाले. मी पेन उघडलं. जपानी बोलण्यातले ‘एऽतो’ आणि ‘आनो’ हे दोन्ही आपल्या ‘अंऽऽ’सारखे वाटतात, पण सादानोबु आणि ताकुबो या भाषाशास्त्रज्ञांनी १९९५ साली त्यांच्यातला फरक नीट मांडलाय. ‘एऽतो’ म्हणजे डोक्यात शोधाशोध किंवा हिशेब चाललाय. माणूस एकटा बसून बेरीज करतानाही ते म्हणतो. ‘आनो’ला समोर कोणीतरी लागतं, कारण तिथे गोष्ट सापडलेली असते, ती तुम्हाला कशी सांगायची याची जुळवाजुळव चाललेली असते. आम्ही दुभाषी याचा कामापुरता उपयोग करतो. ‘एऽतो’ आलं की पुढे आकडा येणार, पेन उघडा. ‘आनोऽ’ आलं की पुढे काहीतरी अवघड येणार, चेहरा सांभाळा. इथे आकडा आला. दिवसाला इतके नग, म्हणजे मागच्या आठवड्यापासून इतके, आणि इतक्या नगांत बर एवढी वाढत नाही.

मग ‘आनोऽ’ आलं. ‘आनोऽ, रजिस्टर बघता येईल का?’

रजिस्टर आलं. मागच्या आठवड्याच्या पानावर सही होती, तारीख नव्हती. तारीख असलेली शेवटची नोंद त्याच्या कितीतरी आधीची होती. पाहुणे पानाकडे बघून म्हणाले, ‘आरे?’

ऑपरेटर लगेच म्हणाले, ‘ताई, हे कळलं मला.’

पंच काढून ग्राइंडिंगला गेला. डेव्हिएशन मिळालं नाही. अख्खा लॉट बाजूला काढून कडा घासाव्या लागल्या. वहीतलं ‘अग्रीड’ खोडून त्याच्या जागी काय लिहायचं, यावर बराच वेळ चर्चा झाली, कारण पाहुण्यांनी तोंडानं ‘नाही’ तोवरही म्हटलेलं नव्हतं.

अजून एक अडचण आहे, आणि ती जपानीपेक्षा मोठी. या पट्ट्यात मराठीही एक नाही. ‘व्हय’ म्हणणारे सोलापूरचे, ‘हाव’ म्हणणारे खानदेश-विदर्भाचे आणि ‘का बे’ म्हणून प्रेमानं विचारपूस करणारे नागपूरचे एकाच प्रेसवर उभे असतात. त्या ‘बे’वरून चिंचवडच्या माणसानं हातातला पाना खाली ठेवलेला मी पाहिलाय. नवा रोबो पहिल्यांदा हलला तेव्हा मागून एकानं ‘आयला!’ म्हटलं आणि पाहुण्यांनी उत्सुकतेनं माझ्याकडे बघितलं. शब्दश: सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, ‘हेऽऽ.’ ते खूश झाले. पुढे ‘अगागागागा’ आलं, तेव्हा त्यांनी मला विचारलंच नाही. ‘गा’ मोजले आणि मान डोलावली. ‘इश्श’चं भाषांतर कसं करणार, हा भाषांतराच्या चर्चासत्रांतला लाडका प्रश्न आहे. चाकणला इतक्या वर्षांत एकदाही कोणी ‘इश्श’ म्हटलेलं नाही, त्यामुळे तो प्रश्न मी चर्चासत्रांकडेच सोपवते.

माझं मागणं छोटं आहे. दुभाष्याला वेळ द्या. दोन शब्दांचं दहा शब्दांत सांगितलं किंवा दहाचं एका ‘बघू’त, तर लगेच हिशेब मागू नका. आणि मिनिट्समध्ये ‘अग्रीड’ लिहायच्या आधी एकदा आम्हाला विचारा: साहेब ‘हो’ म्हणाले, की नुसतं ‘हं’ म्हणाले?